परभणीच्या तीन गाड्या आणि फोटोतलं वर्कशीट: मूळ अवयव, मसावि, लसावि यांवर पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला गणित शिकवते. विभाज्यतेचा धडा संपला की एक पानी झेरॉक्स वर्कशीट घरी देते, आणि रात्री साडेआठनंतर मोबाईल वाजायला लागतो. कुणी वाकडा फोटो पाठवतं, कुणी अर्धा, कुणाच्या फोटोत कागदापेक्षा पलंगपोसच जास्त दिसतो. प्रश्न मात्र दरवर्षी तेच, म्हणून एकदाचे नीट लिहून ठेवते आहे. बहुतेक प्रश्न वर्कशीटमधल्या तिसऱ्या गणिताभोवती फिरतात. ते असं:

"परभणी बसस्थानकावरून जिंतूरला दर २४ मिनिटांनी, गंगाखेडला दर ३६ मिनिटांनी आणि पाथरीला दर ४० मिनिटांनी गाडी सुटते. सकाळी ६ वाजता तिन्ही गाड्या एकाच वेळी सुटल्या. त्यानंतर तिन्ही गाड्या पुन्हा एकाच वेळी किती वाजता सुटतील?"

यातल्या वेळा गणितापुरत्या आहेत. त्यांच्या भरवशावर कुणी स्थानकावर जाऊन उभं राहू नये.

फोटोत गंगाखेडचा आकडा २६ आहे की ३६? कागदाची घडी नेमकी त्याच्यावर आली आहे.

३६. पण असं विचारायची वेळ पुन्हा आली तर एक युक्ती आहे. दोन्ही आकडे घेऊन गणित सोडवून बघा. ३६ घेतला तर उत्तर ३६० मिनिटं येतं, म्हणजे बरोबर ६ तास, दुपारी १२ वाजता. २६ घेतला तर १५६० मिनिटं येतात, म्हणजे २६ तास. तिन्ही गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता एकत्र, आणि तेही रात्रभर दर २४ मिनिटांनी जिंतूरची गाडी सुटत राहिली तर! असं गणित कुणी सहावीच्या मुलांना घालत नाही.

हे का होतं, तेही बघण्यासारखं आहे. २६ म्हणजे २ × १३. हा १३ बाकीच्या दोन आकड्यांत कुठेच नाही, त्यामुळे तो एकटा येऊन उत्तर फुगवतो. वर्कशीट बनवणारे आम्ही लोक बहुतेकदा २, ३, ५ यांच्यात खेळणारे आकडे निवडतो, म्हणजे उत्तर घड्याळात नीट बसतं. तेव्हा वेळापत्रकाच्या गणितात एखाद्या आकड्यात अचानक १३, १७, १९ असा अवयव निघाला, तर आधी फोटोवर संशय घ्या, मग मुलावर. अर्थात हा नुसता संशय झाला. खात्री करायची तर वर्गातल्या दुसऱ्या लेकराचा कागद बघावा लागतो.

फोटो काढताना कागद दाराजवळ उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाईल बरोबर वरून धरा. झेरॉक्सवर फ्लॅश पडला की आकडा पांढराफटक होतो. आपल्या आकड्यांत २ आणि ३, तसंच १ आणि ९ हे सगळ्यात जास्त फसवतात.

"मूळ अवयव पाडा" आणि "विभाजक लिहा" हे एकच ना?

नाही, आणि पहिल्या प्रश्नातले अर्धे गुण इथेच जातात. २४ चे विभाजक म्हणजे २४ ला नि:शेष भाग देणाऱ्या सगळ्या संख्या: १, २, ३, ४, ६, ८, १२, २४. या आठ आहेत. मूळ अवयव पाडायचे म्हणजे २४ हा फक्त मूळ संख्यांच्या गुणाकारात लिहायचा: २४ = २ × २ × २ × ३. इथे ४ नको, ६ नको, १ तर नकोच.

१ का नको, हे मुलं हटकून विचारतात. १ घेतला की तो कितीही वेळा घालता येतो: २ × २ × २ × ३ × १, मग आणखी एक × १. मग दहा मुलं दहा वेगळी उत्तरं लिहितील आणि सगळीच बरोबर ठरतील. १ बाहेर ठेवला की प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकच एक येतात. ८४ घ्या. कुणी ४ × २१ पासून सुरुवात करतं, कुणी १२ × ७ पासून. शेवटी दोघांच्याही वहीत २ × २ × ३ × ७ हेच उरतं, फार तर क्रम वेगळा. घरी तपासताना हे लक्षात ठेवा: लेकराची वाट तुमच्यापेक्षा वेगळी असली तरी मुक्काम एकच असतो. मुक्काम वेगळा आला तर दोघांपैकी एक चुकलं आहे.

९१ मूळ संख्या म्हणून लिहिली तर चूक का दिली?

कारण ९१ = ७ × १३. ही संख्या मुलांना फसवते, कारण २, ३, ५ यांच्या कसोट्या लावल्या की ती तिन्हींतून सहीसलामत सुटते आणि मुलं तिथेच थांबतात. ७ पर्यंत जायलाच हवं. १०० च्या आतल्या संख्येला २, ३, ५, ७ एवढ्या चारांनी भाग देऊन बघितलं की पुरे. त्यापुढचा मूळ अवयव ११, आणि ११ × ११ म्हणजे १२१ हे १०० च्या पलीकडे गेलं. शेजारच्या ९७ ला या चौघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, म्हणून ती खरोखरच मूळ संख्या.

गाड्यांच्या गणितात मसावि घ्यायचा की लसावि? नावावरून तर उलटंच वाटतं.

वाटणारच. "महत्तम" ऐकलं की मोठा आकडा डोळ्यांपुढे येतो, "लघुतम" ऐकलं की लहान. प्रत्यक्षात मसावि दिलेल्या संख्यांपेक्षा लहान नाहीतर फार तर त्यांतल्या सगळ्यात लहान संख्येइतका असतो, आणि लसावि सगळ्यात मोठ्या संख्येइतका किंवा तिच्याहून मोठा. कारण महत्तम-लघुतम हे विशेषण आहे, खरा शब्द शेवटचा. मसावि हा विभाजक, म्हणजे भाग देणारा, तो मोठा असून असून किती असणार! लसावि हा विभाज्य, म्हणजे ज्याला भाग जातो तो.

आता गाड्यांकडे या. जिंतूरची गाडी ६ नंतर २४, ४८, ७२ अशा मिनिटांना सुटते. गंगाखेडची ३६, ७२, १०८ ला. आपण शोधतोय असं मिनिट, ज्याला २४ ने, ३६ ने आणि ४० नेही भाग जातो. म्हणजे विभाज्य, आणि "पुन्हा" म्हणजे पहिल्यांदा कधी, तर लघुतम. झाला लसावि.

वर्कशीटमधलं दुसरं गणित मुद्दाम याच्या उलट दिलं आहे: "८४ किलो तूर आणि १२० किलो हरभरा सारख्या वजनाच्या पिशव्यांत भरायचा आहे, धान्य उरता कामा नये, तर मोठ्यात मोठी पिशवी किती किलोची?" इथे पिशवीचं वजन ८४ ला आणि १२० ला भागणारं हवं. ८४ = २ × २ × ३ × ७ आणि १२० = २ × २ × २ × ३ × ५. दोघांतही असलेलं २ × २ × ३ = १२. म्हणून १२ किलोची पिशवी, तुरीच्या ७ आणि हरभऱ्याच्या १०.

"एकत्र" हा शब्द दिसला की लसावि, "समान" दिसला की मसावि, अशी कुंजी काही शिकवण्यांत देतात. माझा तिला विरोध आहे. पुढच्या वर्षी कुणीतरी वाक्य फिरवून देतं आणि लेकरू तोंडावर पडतं. त्यापेक्षा एकच विचारा: उत्तर दिलेल्या आकड्यांना भागणारं हवं, की उत्तराला ते आकडे भागायला हवेत?

लसावि काढताना सगळ्यांत असलेले नव्हे, तर जास्तीत जास्त वेळा आलेले अवयव घ्यायचे असं सांगितलं. ते का?

आधी तिन्ही फोडून घेऊ. २४ = २ × २ × २ × ३. ३६ = २ × २ × ३ × ३. ४० = २ × २ × २ × ५.

आपल्याला हवं ते मिनिट म्हणजे एक पिशवी समजा. तिच्यातून २४ काढता आला पाहिजे, म्हणून तीन २ आणि एक ३ लागतात. तिच्यातूनच ३६ काढायचा, तर २ आधीच पुरेसे आहेत, ३ मात्र एकच आहे, आणखी एक टाका. ४० साठी तीन २ हवेत, ते आहेतच, ५ नाही, तो टाका. पिशवीत झाले २, २, २, ३, ३, ५. गुणाकार ३६०. २४ चे तीन २ आणि ४० चे तीन २ वेगळे आणायची गरज नाही, तेच तीन दोघांच्या कामी येतात. लसावि गुणाकारापेक्षा लहान का येतो, याचं कारण एवढंच.

ताळा बघा: ३६० ÷ २४ = १५, ३६० ÷ ३६ = १०, ३६० ÷ ४० = ९. जिंतूरच्या पंधराव्या फेरीला, गंगाखेडच्या दहाव्या आणि पाथरीच्या नवव्या फेरीला (सहाची धरली नाही तर) तिघी एका वेळी.

उभ्या मांडणीने केलं तर २१६० आलं. मांडणी तर तुम्ही दाखवली तशीच आहे.

मांडणी तशीच आहे, थांबण्याची जागा चुकली. वहीत हे होतं:

```
२ | २४  ३६  ४०
२ | १२  १८  २०
  |  ६   ९  १०
```

इथे ६, ९, १० या तिघांनाही एकाच वेळी भागणारी संख्या उरली नाही, म्हणून लेकराने थांबून २ × २ × ६ × ९ × १० केलं. आले २१६०, म्हणजे ३६ तास. पण ६ आणि १० यांना अजून २ ने भाग जातो, ६ आणि ९ यांना ३ ने. लसाविसाठी कुठल्याही दोघांना भाग जात असेल तोवर पुढे जायचं, तिसरी संख्या तशीच खाली उतरवायची:

```
२ |  ६   ९  १०
३ |  ३   ९   ५
  |  १   ३   ५
```

आता डावीकडचे २, २, २, ३ आणि खाली उरलेले १, ३, ५ यांचा गुणाकार ३६०.

गंमत म्हणजे ती थांबलेली जागा वाया गेलेली नाही. तिघांनाही भाग जात होता तोवर डावीकडे २ × २ = ४ आलं होतं, तो या तिघांचा मसावि. एकाच मांडणीत आधी मसावि मिळतो, पुढे लसावि.

"मॅडम, लेकरू सहा दिवस म्हणायलंय. एसटी सहा दिवसांनी येती का?"

हा प्रश्न एका वडिलांनी फोनवर विचारला तेव्हा मला आधी हसू आलं, मग वही मागवली. वहीतलं गणित आकडेमोडीत कुठेही चुकलेलं नव्हतं. २४ × ३६ × ४० = ३४५६०. मसावि ४. ३४५६० ÷ ४ = ८६४०. आणि ८६४० मिनिटं म्हणजे बरोबर सहा दिवस!

चूक सूत्रात होती. "मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार" हे फक्त दोन संख्यांना लागू पडतं. ८४ आणि १२० घ्या: १२ × ८४० = १००८० आणि ८४ × १२० = १००८०. जमलं. तिघांना लावलं की बिघडतं, कारण आपला ४ × ३६० होतो १४४० आणि गुणाकार आहे ३४५६०. दोन संख्यांत जे सामाईक आहे ते गुणाकारात एकदाच जास्तीचं आलेलं असतं, म्हणून मसाविने एकदा भागलं की हिशोब मिटतो. तीन संख्यांत दोघादोघांतलं सामाईकही असतं, जसा २४ आणि ३६ मधला ३. तो ४ मध्ये कुठेच नाही, मग ४ ने भागून तो कसा जाणार?

सूत्र वापरायचंच असेल तर दोन-दोन करून वापरा. २४ आणि ३६: मसावि १२, लसावि ८६४ ÷ १२ = ७२. मग ७२ आणि ४०: मसावि ८, लसावि २८८० ÷ ८ = ३६०. त्या वडिलांना मी हेच सांगितलं. त्यांनी "बरं, म्हंजे गाडी दुपारी हाय" म्हणून फोन ठेवला.

३६० आलं, तरी उत्तर चूक दिलं. मुलीने १० वाजता लिहिलं आहे.

तिने ३६० मिनिटं म्हणजे ३ तास ६० मिनिटं असं वाचलं, मग ६० मिनिटांचा एक तास धरून ४ तास केले. आपल्या घड्याळाचा तास १०० मिनिटांचा असता तर ३ हा आकडा बरोबर होता. ३६० ला ६० ने भागायचं: ६ तास. सकाळी ६ आणि ६ तास, दुपारी १२. अशी चूक पकडायची तर पाढा म्हणायची गरज नाही, चार तासांत २४० मिनिटं होतात आणि २४० ला ३६ ने भाग जात नाही एवढं दाखवा.

याच गणिताला जोडून "सायंकाळी ६ पर्यंत किती वेळा एकत्र सुटतील?" असाही प्रश्न येतो. १२ तास भागिले ६, उत्तर २, असं लिहितात. पण सकाळचे ६, दुपारचे १२ आणि सायंकाळचे ६ बोटांवर मोजा, तीन झाले. "सकाळी ६ नंतर" असं विचारलं असेल तरच दोन.

पहिल्या गाड्या एकाच वेळी सुटल्याच नाहीत तर?

हा प्रश्न वर्कशीटमध्ये नाही. आठवीतल्या एका मुलाने विचारला होता, आणि मला वाटतं तो सगळ्यांत चांगला प्रश्न आहे.

दोनच गाड्या घेऊ. जिंतूरची पहिली गाडी ६ ला, दर २४ मिनिटांनी. गंगाखेडची पहिली ६ वाजून १० मिनिटांनी, दर ३६ मिनिटांनी. आता दोन्ही एका वेळी कधी सुटतील? कधीच नाही. २४ आणि ३६ चा मसावि १२. जिंतूरची गाडी ६ नंतर सुटते ती नेहमी १२ च्या पाढ्यातल्या मिनिटाला: २४, ४८, ७२. गंगाखेडची सुटते १०, ४६, ८२ अशा मिनिटांना. १२ ने भागून बघा, दर वेळी बाकी १०. दिवसभर मोजत बसलं तरी बाकी १० ची बाकी ० होणार नाही.

हीच गाडी ६ वाजून १२ मिनिटांनी निघाली तर मात्र १२, ४८, ८४ होतं. ४८ जिंतूरच्या यादीत आहे. म्हणून ६ वाजून ४८ मिनिटांनी दोन्ही एकत्र, आणि त्यापुढे दर ७२ मिनिटांनी, म्हणजे ८ वाजता, मग ९ वाजून १२ मिनिटांनी. सुरुवातीच्या वेळांतल्या फरकाला मसाविने भाग जातो का, यावर भेट होणार की नाही ते ठरतं, आणि एकदा भेट झाली की पुढची किती वेळाने ते लसावि ठरवतो. वर्कशीटमधलं "६ वाजता तिन्ही गाड्या एकाच वेळी सुटल्या" हे वाक्य फोटोतून कापलं गेलं असेल तर गणित सुटतच नाही, ते याचमुळे. पूर्ण फोटो मागवा.

नळाच्या पाण्याच्या गणितात उत्तर ७ तारीख का नाही?

वर्कशीटच्या मागच्या बाजूला हे आहे: जुन्या गल्लीत दोन दिवसांआड पाणी येतं, नव्या गल्लीत तीन दिवसांआड. १ तारखेला दोन्हीकडे आलं, तर पुन्हा एकाच दिवशी कधी?

बहुतेकांनी २ आणि ३ चा लसावि ६ काढून ७ तारीख लिहिली. पण नळाला पाणी दोन दिवसांआड म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला समजावायला हवं असं मला वाटलं नव्हतं! मधले दोन दिवस कोरडे, तिसऱ्या दिवशी पाणी. म्हणजे दर ३ दिवसांनी. तीन दिवसांआड म्हणजे दर ४ दिवसांनी. जुनी गल्ली: १, ४, ७, १०, १३. नवी गल्ली: १, ५, ९, १३. ७ तारखेला नव्या गल्लीतली घागर रिकामीच. ३ आणि ४ चा लसावि १२, म्हणून १३ तारीख.

आपली बोली इथे आणखी एका ठिकाणी पाय घसरवते. "आठ दिवसांनी बाजार" म्हणताना आपल्या मनात आठवडा असतो, म्हणजे ७ दिवस, कारण या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत आपण दोन्ही सोमवार मोजतो. तसंच "पंधरा दिवसांनी" म्हणजे बोलताना १४. वर्कशीटमध्ये मात्र "दर ८ दिवसांनी" असं आकड्यात लिहिलं असेल तर ८ च घ्या. आणि "आठवडी बाजार" लिहिलं असेल तर ७. दर ५ दिवसांनी येणारा भांडेवाला आणि आठवडी बाजार आज एकत्र आले, तर पुढची गाठ ३५ दिवसांनी पडते. ८ धरला की ४० येतात, आणि आज सोमवार असेल तर चाळिसावा दिवस शनिवार निघतो. त्या दिवशी गावात बाजारच नसतो.